फोटोंवरून नकली लेगो कसा ओळखायचा: बडोद्यातल्या एका फायर स्टेशनची तपासणी

दिवाळीच्या आवराआवरीत बडोद्यात घरोघरचे माळे रिकामे होतात. ज्यांची मुलं कॅनडा-अमेरिकेत राहतात त्यांच्या माळ्यावरून लेगोचे खोके खाली येतात आणि व्हॉट्सॲपवर फोटो फिरू लागतात. माझ्या भाच्यासाठी मी असे जुने संच पाच वर्षं घेतोय. पहिल्याच वर्षी साडेतीन हजारांना घेतलेल्या खोक्यात एकही अस्सल वीट निघाली नाही. मी मकरपुरा जीआयडीसीत इंजेक्शन मोल्डिंगच्या कामावर आहे. प्लास्टिकचे तुकडे तपासणं हे माझं रोजचं काम आहे. तरी फसलो, कारण विकणाऱ्याने पाठवले तेवढेच फोटो पाहिले, हवे ते मागितले नाहीत.

यंदा अलकापुरीतल्या एका बेनकडून फायर स्टेशनच्या संचाचे फोटो आले. खोक्यावर क्रमांक 60215, सोबत विटांची पिशवी, मागणी चार हजारांची. तोच संच समोर ठेवून सगळ्या पायऱ्या सांगतो.

आधी एक फरक समजून घ्या. लेगोच्या विटेचं पेटंट 28 जानेवारी 1958 चं आहे आणि ते कधीच संपलं. विटेच्या आकारावर ट्रेडमार्क म्हणून हक्क सांगता येणार नाही, असा निकाल युरोपियन युनियनच्या न्यायालयाने 2010 मध्ये दिला. त्यामुळे लेगोला बसणारी वीट स्वतःच्या नावाने बनवणं ही नक्कल नव्हे. मेगा, कोबी, स्लुबान या कंपन्या तेच करतात. नकली म्हणायचं ते लेगोचा अख्खा संच, खोक्यावरचं चित्र आणि माणसं जशीच्या तशी उचललेल्या मालाला. चीनमधली लेपिन हे त्याचं ठळक उदाहरण. शांघाय पोलिसांनी 2019 मध्ये तिच्यावर छापा घातला आणि 2020 मध्ये सूत्रधाराला सहा वर्षांची कैद झाली. आपल्याला मात्र रोज तिसराच प्रकार भेटतो: अस्सल आणि नकली एकाच पिशवीत मिसळलेलं. खोक्याचा निकाल विटांना लावायचा नाही आणि एका विटेचा निकाल पिशवीला लावायचा नाही, हे पक्कं धरून पुढे चला.

१. फोटो मागवा, मिळतील त्यावर थांबू नका

विकणारा बहुतेक वेळा खोक्याचा एक आणि ढिगाचा एक फोटो पाठवतो. त्यावरून काहीच ठरत नाही. मी सहा फोटो मागतो:

- खोक्याची पुढची बाजू, शेजारी आजची तारीख हाताने लिहिलेली चिठ्ठी
- खोक्याच्या तळाची किंवा मागची बारीक छपाई
- सगळे तुकडे पांढऱ्या चादरीवर पसरून
- एकाच रंगाच्या दहा-बारा विटा, स्टड वर करून, जवळून
- त्याच विटा, त्याच क्रमाने, उलट्या करून
- माणसांची डोकी काढून, मान वरून दिसेल अशी

चिठ्ठीचा आग्रह सोडू नका. इंटरनेटवरून उचललेले खोक्याचे फोटो पुष्कळ फिरतात आणि तारखेची चिठ्ठी मागितली की त्यातले बरेच विकणारे गप्प होतात.

जवळचे फोटो उजेडावर अवलंबून असतात. फ्लॅश मारला की स्टडवरची उठावाची अक्षरं पुसल्यासारखी दिसतात आणि अस्सल वीटही कोरी वाटते. विटा खिडकीपाशी ठेवून उजेड एका बाजूने आडवा पडू द्यायचा. रात्री दुसऱ्या फोनचा टॉर्च जमिनीलगत धरला तरी चालतो. फोन फार जवळ नेला तर फोटो धुरकट येतो, तेव्हा वीतभर अंतर ठेवून झूम करायला सांगा. आणि फोटो व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. साध्या पाठवण्यात फोटो दाबला जातो आणि आपल्याला हवी असलेली बारीक रेघ नेमकी तिथेच हरवते.

बेनचे पहिले फोटो फ्लॅशचेच होते आणि सगळ्या विटा कोऱ्या दिसत होत्या. मी तेव्हाच नाही म्हटलं असतं तर अर्ध्याहून जास्त अस्सल माल हातचा गेला असता.

२. स्टडवरचं नाव वाचा

विटेच्या डोक्यावरचे गोल उंचवटे म्हणजे स्टड. अस्सल लेगोच्या भरीव स्टडवर लेगो हे नाव उठावाने असतं आणि ते प्रत्येक स्टडवर असतं. आठ स्टडच्या विटेवर आठ वेळा. अक्षरं तिरकी, गोलसर आणि एकमेकांना चिकटलेली असतात. हे नाव छापलेलं नसतं, साच्यातच कोरलेलं असतं, म्हणून घासून सहज जात नाही. खेळून झिजलेल्या विटेवरही आडव्या उजेडात त्याची सावली दिसते.

नकली विटेचा स्टड बहुतेक वेळा गुळगुळीत असतो. काहींवर दुसरंच नाव किंवा नुसतं चिन्ह असतं. फोटो स्पष्ट आहे, उजेड आडवा आहे, शेजारच्या विटेवर नाव दिसतंय आणि या विटेवर नाही, असं असेल तर ती वीट लेगोची नाही. शेजारची वीट महत्त्वाची आहे, कारण ती फोटो चांगला असल्याची साक्ष देते. सगळ्याच विटा कोऱ्या दिसत असतील तर आधी फोटोवर शंका घ्या, मग मालावर.

नवे लोक इथे दोन ठिकाणी अडखळतात. काही अस्सल तुकड्यांचे स्टड पोकळ नळीसारखे असतात. त्यांच्या माथ्यावर नाव बसवायला सपाट जागाच नसते, तेव्हा नाव तुकड्याच्या पोटाशी शोधायचं. तसंच वरून सपाट असलेल्या फरश्यांना, म्हणजे टाइलना, स्टडच नसतात आणि त्यांचंही नाव खालच्या बाजूला असतं. अशा तुकड्यांचा वरून निकाल देऊ नका, ते बाजूला काढा.

माणसांचं नाव मानेवर असतं. डोकं काढलं की मानेची जी खुंटी दिसते तिच्या माथ्यावर बारीक अक्षरांत लेगो लिहिलेलं असतं. नकली माणसाची छपाई कधी कधी अस्सलाइतकी सुबक असते, पण ही खुंटी बहुधा कोरी असते. म्हणून तोंडाचा फोटो कितीही छान असला तरी मी मान मागतो.

बेनने खिडकीपाशी काढलेल्या फोटोत बारा लाल विटा होत्या. सातांवर नाव स्वच्छ वाचता येत होतं, पाच कोऱ्या. चार माणसांपैकी दोघांच्या मानेवर नाव होतं, दोघांच्या नव्हतं.

३. वीट उलटी करून साच्याच्या खुणा पाहा

साच्याच्या खुणा माझ्या धंद्यातल्या आहेत, म्हणून इथे जरा थांबतो.

वितळलेलं प्लास्टिक दाबाने साच्यात शिरतं. ज्या बारीक भोकातून शिरतं त्याला गेट म्हणतात आणि तुकडा सुटल्यावर तिथे एक ठिपका उरतो. गार झालेला तुकडा साच्यातून बाहेर ढकलायला पिना असतात, त्या टेकतात तिथे गोल वळं उमटतं. साच्याचे दोन भाग नीट मिटले नाहीत तर फटीतून प्लास्टिक पाझरतं आणि कडेला पातळ पापुद्रा येतो, त्याला आम्ही फ्लॅश म्हणतो. या तिन्ही गोष्टी प्रत्येक कारखान्यात होतात. लेगोचे साचे मिलिमीटरच्या शंभराव्या भागापेक्षाही बारीक मापात सांभाळलेले असतात, म्हणून फ्लॅश जवळजवळ दिसत नाही. स्वस्त साच्याच्या विटेवर ती नखाला लागते, आणि चांगल्या फोटोत कडेला केसासारखी पांढुरकी रेघ म्हणून दिसते.

अस्सल विटेच्या पोटात, छताच्या आतल्या बाजूला, लेगोचं नाव आणि बारीक आकडे असतात. त्यातला एक आकडा त्या आकाराचा क्रमांक असतो. दोन बाय चार स्टडच्या विटेचा 3001, दोन बाय दोनचा 3003, एक बाय दोनच्या पातळ पट्टीचा 3023. शेजारचे इतर आकडे साच्याचे आणि साच्यातल्या खणाचे असतात. एका साच्यात एकाच वेळी अनेक विटा निघतात आणि खराब वीट कुठल्या खणातली हे त्यावरून कळतं. म्हणून एकाच संचातल्या दोन विटांवर वेगळे खण-आकडे असणं अगदी साहजिक आहे.

नुसता आकडा दिसला म्हणून वीट अस्सल ठरवू नका. खण-आकडे आम्हीही घालतो, नकली विटा बनवणारेही घालतात. नाव आणि आकाराचा क्रमांक दोन्ही सापडले आणि तो क्रमांक त्या आकाराचाच निघाला, तर पुरावा भक्कम होतो. पुस्तिकेच्या शेवटच्या पानांवर तुकड्यांची यादी असते, तिच्याशी हा आकडा ताडून पाहणारे गोंधळतात, कारण तिथला क्रमांक वेगळा असतो. तो आकार आणि रंग मिळून दिलेला असतो. लाल दोन-बाय-चारसाठी 300121 आणि विटेच्या पोटात फक्त 3001. दोन्ही बरोबर आहेत.

गेटच्या ठिपक्याबद्दल एक गैरसमज मी नेहमी ऐकतो: बाजूच्या भिंतीवर ठिपका दिसला की वीट नकली. तसं नाही. लेगोच्याही कित्येक छोट्या तुकड्यांवर गेट बाजूलाच दिसतं. फरक ठिपका कुठे आहे यात नाही, कसा आहे यात आहे. अस्सल ठिपका सपाट, टाचणीच्या टोकाएवढा असतो. स्वस्त मालात तिथे टोक वर आलेलं असतं, किंवा पिळवटून तोडल्यासारखा पांढरा डाग असतो.

बेनच्या उलट्या फोटोत त्याच पाच विटा उठून दिसल्या. पोटात नाव नाही, फक्त गोलात एक आकडा, नळ्यांच्या भिंती असमान आणि दोन विटांच्या बाजूला गेटचं टोक बोचरं. स्टडने जे सांगितलं तेच पोटानेही सांगितलं. दोन्ही बाजूंचे फोटो एकाच क्रमाने मागण्याचं कारण हेच, वरची आणि खालची खूण त्याच विटेची आहे ना हे पडताळता येतं.

४. रंग शेवटच्या साक्षीदारासारखा वापरा

रंगावरून सुरुवात करणारे हमखास चुकतात. फोनचा कॅमेरा स्वतःच्या मर्जीने रंग बदलतो आणि ट्यूबलाइटखालचा लाल दुपारच्या उन्हातल्या लालपेक्षा वेगळाच येतो. म्हणून फोटोत विटांच्या बाजूला कोरा कागद ठेवायला सांगा. कागदच पिवळा दिसत असेल तर सगळ्या रंगांवर तोच पिवळेपणा चढलाय असं समजा. रंगाची तुलना एकाच फोटोतल्या विटांमध्येच करा. दोन वेगळ्या फोटोंतले रंग शेजारी ठेवून काही ठरवू नका.

एका फोटोत पाहायचं ते पांढऱ्यात आणि पिवळ्यात. स्वस्त प्लास्टिकमध्ये रंगद्रव्य कमी असलं की उजेड भिंतीतून आरपार येतो आणि कडा दुधाळ, किंचित पारदर्शक दिसतात. शेजारची अस्सल पांढरी वीट भरीव दिसते. काचेसारख्या तुकड्यांत नकली माल बऱ्याचदा धुरकट असतो.

पण रंगाचा फरक दिसला की नकली, असा नियम नाही. लेगोने 2004 मध्ये आपले करडे रंग बदलले. जुना करडा थोडा पिवळसर, हिरवटाकडे झुकणारा होता, नवा निळसर आहे. तपकिरीही त्याच सुमारास लालसर झाला. दोन्ही काळांतले संच एकत्र झालेल्या घरात दोन करडे असतात आणि दोन्ही अस्सल असतात. पांढऱ्या आणि फिक्या करड्या विटा उन्हात पिवळ्या पडतात, तेही अस्सलपणाच्या विरोधात जात नाही. लालसर तपकिरी आणि गडद लाल रंगातले 2010 च्या आसपासच्या वर्षांतले अस्सल तुकडे ठिसूळ निघाले आहेत. तेव्हा तडा गेलेला तपकिरी तुकडा पाहून घाबरू नका.

बेनच्या चादरीवरच्या फोटोत करड्याच्या दोन छटा होत्या आणि माझ्या भावजयीने लगेच म्हटलं, "भाऊजी, हे बघा, करडे नकली आहेत." आम्ही त्यांचे जवळचे फोटो मागवले. दोन्ही छटांवर नाव होतं. पण 60215 हा संच 2019 चा आहे, त्यात 2004 च्या आधीचा करडा येणारच नाही. म्हणजे ते तुकडे अस्सल असूनही या संचाचे नव्हते. घरात याहून जुना लेगो होता आणि तो या पिशवीत मिसळला, एवढं त्या छटेने सांगितलं. नकलीचा शोध घेताना ही वेगळी माहिती हाती आली, आणि ती किमतीच्या बोलणीत उपयोगी पडली.

५. खोक्याची छपाई वाचा

अस्सल खोक्याच्या पुढच्या बाजूला लाल चौकोन, त्यात पांढरी अक्षरं, अक्षरांना काळी आणि बाहेरून पिवळी कड. शेजारी संचाचा क्रमांक, वय आणि तुकड्यांची संख्या. नकलाकार चित्र तेच उचलतो पण चौकोनाच्या जागी आपलं चिन्ह बसवतो. मालिकेचं नावही एखादं अक्षर फिरवून लिहितो आणि क्रमांक स्वतःचा देतो. छापलेल्या चित्रावरून पुन्हा छापलेलं असल्याने बारीक अक्षरांच्या कडा पसरतात. चित्रातल्या विटांच्या स्टडकडेही पाहा, तिथलं नाव पुसलेलं असतं.

क्रमांक मिळाला की लेगोच्या संकेतस्थळावर सूचना-पुस्तिका शोधा. त्या फुकट उतरवता येतात. 60215 टाकल्यावर फायर स्टेशनच आलं आणि ब्रिकसेट या चाहत्यांच्या सूचीत 509 तुकडे, साल 2019 अशी नोंद मिळाली. खोक्यावरही 509 होतं. मागच्या बाजूला लेगो सिस्टिम ए/एस, बिलुंड, डेन्मार्क हा पत्ता बारीक पण स्वच्छ वाचता येत होता. खोका अस्सल.

"चीनमध्ये बनवलेलं" अशी ओळ दिसली म्हणून खोका नाकारू नका. लेगोचा स्वतःचा कारखाना चीनमधल्या जियाशिंगला आहे. आयएसआय चिन्हाबद्दलही असंच. भारतात 1 जानेवारी 2021 पासून खेळण्यांवर ते सक्तीचं झालं, म्हणून आज मंगळ बाजारात किंवा मॉलमध्ये नवा खोका घेताना ते बघायलाच हवं. पण टोरांटोहून सामानात आलेल्या खोक्यावर ते नसणारच. आणि ते चिन्ह सुरक्षिततेच्या चाचणीचं आहे. लेगोशी मिळतीजुळती वीट बनवणाऱ्या देशी कंपनीच्या खोक्यावरही ते असतं, त्यावरून माल लेगोचा ठरत नाही.

६. पिशवीतलं प्रमाण काढा, मग भाव बोला

बारा लाल विटांवरून अख्ख्या पिशवीचा हिशेब करणं चूक, कारण त्या विटा विकणाऱ्याने निवडलेल्या असतात. मी बेनना सांगितलं, "बेन, पिशवी हलवा, न बघता मूठभर काढा आणि त्यातले स्टडवाले चाळीस तुकडे ओळीत लावा." त्यांनी लावले. चाळीसपैकी सव्वीसांवर नाव होतं, चौदांवर नाही. म्हणजे नकली साधारण एक तृतीयांश. चाळीसच्या नमुन्यावर खरा आकडा वीस टक्के असू शकतो आणि पन्नासही, एवढी ढील मनात ठेवा. पिशवी मोठी आणि भाव जास्त असेल तर दुसरी मूठ मागा.

मी सगळं स्पष्ट सांगितलं तेव्हा बेन आधी दुखावल्या. "भाई, माझ्या मुलाने टोरांटोहून स्वतः आणलंय, एकदम ओरिजिनल छे." ते खरंच होतं. मग त्यांना आठवलं, नातवाने तुकडे हरवले तेव्हा बाजारातून सुट्या विटांचं पाकीट आणून भर घातली होती. दोन कोऱ्या मानेची माणसंही त्याच पाकिटातली. कुणी कुणाला फसवत नव्हतं. म्हणूनच सांगतो, विकणाऱ्याशी बोलताना "नकली" हा शब्द पहिल्या वाक्यात आणू नका. "या विटांवर नाव दिसत नाही, कुठून आल्या आठवतंय का?" असं विचारलं की गोष्ट बाहेर येते.

भाव असा केला: खोका आणि पुस्तिका अस्सल, त्यांची किंमत पूर्ण. पिशवी वजनाने, पण एक तृतीयांश वजा करून. जुन्या करड्या विटा अस्सल, त्या धरल्या. अग्निशामक दलातली मूळ दोन माणसं नव्हती, त्यांचे पैसे कापले. चार हजारांचे बावीसशे झाले. आणि एक अट घातली, घरी येऊन पैसे देण्याआधी दहा विटा हातात घेऊन बघणार, कारण फोटोत न दिसणारी एक गोष्ट उरतेच: दोन विटा एकमेकींत बसतात कशा. अस्सल विटा ठराविक दाबाने बसतात आणि तशाच सुटतात. नकलीपैकी काही इतक्या घट्ट असतात की दात लावावे लागतात, काही हलवल्या तरी गळतात.

पिशवी घरी आल्यावर मी आणि भाच्याने पहिल्या संध्याकाळी भिंग आणि टॉर्च घेऊन सगळे तुकडे दोन डब्यांत वाटले. स्टड नसलेल्यांचा तिसरा डबा केला, तो अजून अर्धा राहिलाय. नकली पण धडधाकट विटा फेकल्या नाहीत, त्यांच्या डब्यावर मार्करने "बिननावी" लिहिलं आणि भाचा त्यातून किल्ला बांधतो. तो डबा फायर स्टेशनच्या खोक्यात परत जाणार नाही एवढीच काळजी घेतो, कारण उद्या हा संच आम्ही पुढे दिला तर समोरच्याने पुन्हा हेच फोटो मागायला नकोत.